‘काही न कळवल्यास मान्य समजू’ या ओळीवर किती विसंबायचं?

*मी एका सॉफ्टवेअर कंपनीत प्रोजेक्ट कोऑर्डिनेटर आहे. मागच्या प्रोजेक्टमध्ये किकऑफ मीटिंगचे मिनिट्स क्लायंटला पाठवले आणि शेवटी लिहिलं, ‘शुक्रवारपर्यंत काही न कळवल्यास मान्य समजू.’ कोणीच उत्तर दिलं नाही. दीड महिन्याने क्लायंट म्हणाला, ‘असं ठरलंच नव्हतं.’ मी मेल दाखवला, तर वातावरण आणखीच बिघडलं.*

*आता नव्या प्रोजेक्टचं किकऑफ मंगळवारी, 6 जानेवारीला झालं. त्यात जुना डेटा नव्या सिस्टिममध्ये आणण्याचा विषय निघाला. क्लायंटकडच्या मॅडम म्हणाल्या, ‘जुना डेटा लागेलच.’ आमचे सर म्हणाले, ‘हो, ते बघू.’ आमच्या टीमचं डेटाचं काम 13 तारखेला सुरू होणार आहे. सर म्हणतात, मिनिट्समध्ये तीच ओळ टाक. टाकू का? मुदत किती देऊ?*

*— एक कोऑर्डिनेटर*

ओळ टाका. मात्र ती कोणत्या नोंदींना लागू आहे आणि कोणत्या नोंदींना नाही, हे त्याच मेलमध्ये स्पष्ट लिहा. मागच्या वेळी तुम्ही सगळं इतिवृत्त त्या एका ओळीवर उभं केलं होतं, म्हणून ते कोसळलं असावं.

‘मौन म्हणजे संमती’ असं आपण सहज म्हणतो. करारांच्या कायद्यात ते इतकं सरळ नाही. इंग्लंडमधला 1862 सालचा एक खटला कायद्याच्या विद्यार्थ्यांना आजही शिकवतात. एका काकांनी पुतण्याला घोड्याबद्दल पत्र लिहिलं, त्याचा मतितार्थ असा: तुझ्याकडून पुढे काही कळलं नाही तर घोडा या किमतीला माझा झाला असं मी समजेन. पुतण्याने उत्तर पाठवलं नाही. घोडा विकायचा नाही असं त्याने लिलाव करणाऱ्याला सांगितलं होतं, म्हणजे मनातून तो तयारच होता. तरी लिलाववाल्याच्या चुकीने घोडा दुसऱ्यालाच विकला गेला. काकांनी लिलाववाल्यावर दावा लावला आणि ते हरले, कारण पुतण्याने होकार काकांना कळवलाच नव्हता. आपल्या पत्रातल्या एका वाक्याने समोरच्याच्या गप्प बसण्याला होकार बनवता येत नाही, हे त्या निकालातलं तत्त्व आहे.

इतिवृत्ताची गोष्ट यापेक्षा थोडी वेगळी आहे. मीटिंगला हजर असलेल्या माणसाला तुम्ही दुसऱ्याच दिवशी ‘दर गुरुवारी 11 वाजता आढावा घ्यायचं ठरलं’ असं लिहून पाठवलं, त्याने हरकत घेतली नाही आणि दोन गुरुवार तो आढाव्याला आलाही, तर त्या नोंदीला चांगलं वजन येतं. इथे त्याच्या मौनाइतकंच त्याचं वागणंही बोलतं. तुमच्या करारात बैठकीच्या नोंदी अमुक दिवसांत मान्य धरल्या जातील असं कलम असेल, तर प्रश्नच मिटला. तेव्हा आधी करार उघडा आणि हे कलम शोधा. ते असेल तर त्यात दिलेली मुदतच मेलमध्ये वापरा, स्वतःची वेगळी घालू नका.

ही ओळ झालेल्या गोष्टीची नोंद पक्की करायला मदत करते. समोरच्याच्या खांद्यावर नवं ओझं ठेवायला ती पुरत नाही. कोणत्या दिवशी भेटायचं, लॉगिन कोण देणार, आराखडे कधी येणार, हे मौनावर चालतं. पैसा, कामाची व्याप्ती, मंजुरीचा अधिकार आणि एकदा केल्यावर मागे घेता न येणारं काम, यांना लेखी ‘हो’ लागतं. तुमचा जुना डेटा या दुसऱ्या गटात मोडतो.

आता त्या डेटाकडे नीट बघू, कारण खरी गाठ तिथेच आहे. मॅडम म्हणाल्या ‘लागेलच’, सर म्हणाले ‘बघू’. मीटिंग संपताना मॅडमच्या मनात सगळा जुना डेटा येणार असं बसलं असेल. सरांच्या मनात, याचा अंदाज काढून सांगू, असं असेल. दोघांपैकी कोणीच खोटं बोललेलं नाही. अशा वेळी इतिवृत्त लिहिणाऱ्याला मोह होतो की आपल्या बाजूला सोयीचं वाक्य लिहून टाकावं: ‘जुन्या डेटाचा विचार नंतर करायचं ठरलं.’ किंवा समोरच्याला खूश करायला: ‘जुना डेटा आणायचं ठरलं.’ दोन्ही वाक्यं चुकीची आहेत, कारण ठरलं काहीच नव्हतं. जे ठरलं नाही त्याला ‘ठरलं’ हे क्रियापद लावू नका. इतिवृत्तातला सगळ्यात महाग शब्द तोच आहे.

त्याऐवजी काय ठरलं नाही ते लिहा, आणि शक्य तितकं नेमकं लिहा. ‘डेटाबाबत स्पष्टता हवी’ या नोंदीला कोणालाच उत्तर देता येत नाही. तुमच्या टीममधल्या डेटाचं काम करणाऱ्याला पाठवण्याआधी दहा मिनिटं विचारा, की तुला सुरुवात करायला नेमकं काय कळायला हवं. तो बहुधा दोन गोष्टी सांगेल: कोणत्या काळापासूनच्या नोंदी आणायच्या, आणि एकाच ग्राहकाच्या दोन-दोन नोंदी असतील तर त्या साफ करायचं काम कोणाचं. हेच तुमचे प्रश्न. मग करारातली कामाची यादी काढा आणि डेटाबद्दल तिथे काय आहे ते बघा. तिथे फक्त चालू ग्राहकांच्या नोंदी असतील, तर ते मेलमध्ये सरळ सांगा. इतिवृत्ताने कराराची व्याप्ती वाढत नाही, कमीही होत नाही. व्याप्ती बदलायची तर बदल-विनंतीची वेगळी वाट आहे, आणि ती वाट तुम्ही आजच दाखवलीत तर दीड महिन्याने कोणी दुखावणार नाही.

मुदतीचं उत्तर कॅलेंडरवर उलटं मोजत जाऊन मिळतं. ‘तीन दिवस द्यावेत’ असा ठोकळा नियम बरेच जण सांगतात. मला तो पटत नाही, कारण मुदत तुमच्या पहिल्या अवलंबून असलेल्या कामाशी बांधलेली हवी. तुमचं डेटाचं काम मंगळवारी, 13 जानेवारीला सुरू होणार. उत्तर आल्यावर टीमला ते वाचून आखणी बदलायला एक कामाचा दिवस लागेल, तो सोमवार, 12 तारीख. म्हणजे दुरुस्त्या शुक्रवारी, 9 तारखेला संध्याकाळपर्यंत हातात हव्यात. बुधवारी दुपारी 12 च्या आत मेल गेला, तर क्लायंटला अडीच दिवस मिळतात. किकऑफच्या इतिवृत्ताला तेवढे पुरतात, कारण सगळ्यांना मीटिंग अजून आठवत असते. गुरुवारी संध्याकाळी पाठवलंत तर मात्र तोच शुक्रवार अन्यायाचा होतो. अशी वेळ आली तर मुदतही पुढे न्या आणि कामाची सुरुवातही पुढे न्या. फक्त मुदत आवळलीत, तर न आलेल्या उत्तराला काही अर्थ उरत नाही.

तारीख लिहिताना वार, महिन्याचं नाव आणि वेळ हे तिन्ही घाला. ‘12/01’ असं लिहिलंत तर कोणी 12 जानेवारी वाचेल आणि कोणी 1 डिसेंबर. ‘आठवड्याच्या शेवटी’ म्हणजे एकाचा शुक्रवार असतो, दुसऱ्याचा रविवार. ‘दोन दिवसांत’ हे मेल पाठवल्यापासून की वाचल्यापासून, यावर मी माणसांना खरोखर वाद घालताना पाहिलंय. क्लायंट दुसऱ्या देशात असेल तर वेळेपुढे कोणाच्या घड्याळाची ते लिहा. वार आणि तारीख जुळतात ना, हे पाठवण्याआधी एकदा कॅलेंडरवर बघून घ्या. ‘गुरुवार, 9 जानेवारी’ असं चुकून गेलं तर वाचणारा आपल्या सोयीचा दिवस धरतो.

आता मेल. तुमचे तपशील धरून, आणि जे तुम्ही लिहिलेले नाहीत ते नमुन्यादाखल घालून, मी तो असा लिहीन:

> विषय: किकऑफ बैठक, 6 जानेवारी: इतिवृत्त. दोन प्रश्नांची उत्तरं व दुरुस्त्या शुक्रवार, 9 जानेवारी, सायं. 5 पर्यंत
>
> नमस्कार मॅडम,
>
> मंगळवारच्या बैठकीतल्या मुख्य नोंदी खाली दिल्या आहेत. सविस्तर इतिवृत्त सोबत जोडलं आहे.
>
> पुढील दोन प्रश्नांवर आपलं लेखी उत्तर हवं आहे.
>
> 1. जुना डेटा: तो नव्या सिस्टिममध्ये आणण्याविषयी बोलणं झालं. कोणत्या वर्षापासूनच्या नोंदी आणायच्या आणि दुबार नोंदी कोणी काढायच्या, हे बैठकीत ठरलं नाही. करारातल्या कामाच्या यादीत चालू ग्राहकांच्या नोंदी आहेत. तेवढ्याच आणायच्या, की त्याआधीच्याही? आधीच्याही हव्या असल्यास लागणारा जादा वेळ व खर्च आम्ही वेगळा कळवू.
>
> 2. अंतिम मंजुरी: वापरकर्त्यांची चाचणी झाल्यावर लेखी मंजुरी आपल्याकडून कोण देणार? बैठकीत दोन नावं आली होती.
>
> ठरलेल्या गोष्टी
>
> – आढावा बैठक दर गुरुवारी सकाळी 11 वाजता.
> – चाचणीसाठीची लॉगिन: आपला आयटी विभाग, सोमवार, 12 जानेवारीपर्यंत.
> – स्क्रीनचे पहिले आराखडे: आमची टीम, मंगळवार, 20 जानेवारीपर्यंत.
>
> यात काही चुकलं किंवा राहिलं असल्यास कृपया शुक्रवार, 9 जानेवारी, सायंकाळी 5 पर्यंत याच मेलला उत्तर देऊन कळवावं. तोपर्यंत दुरुस्ती न आल्यास ‘ठरलेल्या गोष्टी’ या भागातल्या व सोबतच्या इतिवृत्तातल्या नोंदी बरोबर आहेत असं धरून आम्ही पुढे जाऊ. वरचे दोन प्रश्न मात्र आपलं उत्तर येईपर्यंत खुले राहतील आणि जुन्या डेटाचं काम तोवर सुरू होणार नाही.

तुमच्या सरांची ओळ यात आहे, फक्त तिला कुंपण घातलंय. ‘मान्य समजू’च्या जागी मी ‘नोंदी बरोबर आहेत असं धरून पुढे जाऊ’ लिहिलंय, तेही मुद्दाम. पहिल्या वाक्यात आपण समोरच्याच्या मनाबद्दल निवाडा देतो. दुसऱ्यात आपण काय करणार ते सांगतो, आणि तेवढाच आपला अधिकार आहे. मात्र जोडलेल्या फाइलमध्ये असं काही असू नये जे मेलच्या मजकुरात नाही आणि तरी क्लायंटला बांधून घालतं. मागच्या वेळचा वादाचा मुद्दा फाइलच्या तिसऱ्या पानावर कुठेतरी दडलेला होता का, ते एकदा जुना मेल काढून बघा. असेल, तर तुमच्या क्लायंटने तो कधी वाचलाच नव्हता आणि त्याचा राग बऱ्याच अंशी खरा होता.

मेलच्या शेवटचं वाक्यही सांभाळून ठेवा. खुल्या प्रश्नाला परिणाम जोडलेला नसेल तर तो खुलाच राहतो. ‘काम तोवर सुरू होणार नाही’ हे वाचून मॅडमना कळतं की उत्तर न देण्यानेही काहीतरी घडणार आहे. ते धमकीसारखं वाटू नये म्हणून एकदाच लिहा, ठळक न करता. आणि लिहिण्याआधी सरांची संमती घ्या, कारण हे वाक्य तुमच्या टीमच्या वेळापत्रकालाही बांधतं.

पत्त्यांबद्दल एक स्वतःचा अनुभव सांगते. मी एकदा असंच इतिवृत्त क्लायंटकडच्या नऊ जणांना एका ओळीत पाठवलं होतं. नवांपैकी एकानेही उत्तर दिलं नाही. नंतर कळलं, प्रत्येकाला वाटलं होतं की त्यांच्यातलं दुसरं कोणीतरी देईल, आणि दोघांना तर आपल्याला उत्तर द्यायचा अधिकार आहे का हेच ठाऊक नव्हतं. दोष माझाच होता, कारण प्रश्न मी सगळ्यांना विचारला होता, म्हणजे कोणालाच नाही. तेव्हापासून ‘टू’मध्ये मी एकच नाव ठेवते, ज्याच्या ‘हो’ला क्लायंटकडे किंमत आहे त्याचं. हजर असलेले बाकीचे सीसीमध्ये. मीटिंगला न आलेल्या पण काम अंगावर आलेल्या माणसालाही सीसीत घ्या. वरच्या मसुद्यात तो त्यांच्या आयटी विभागातला माणूस आहे, ज्याच्या नावावर 12 तारखेची लॉगिन पडली आहेत. त्याला ती तारीख तुमच्या मेलमधूनच पहिल्यांदा कळणार असेल, तर दुरुस्ती बहुधा त्याच्याकडूनच येईल, आणि ती आलेली बरी.

क्लायंटच्या आधी हा मसुदा तुमच्याकडून मीटिंगला गेलेल्यांनी वाचलेला हवा. अर्धा तास द्या, जास्त नको. आपल्याच माणसाने क्लायंटसमोर ‘मी असं म्हणालो नव्हतो’ असं सगळ्यांना उत्तर टाकलं, तर इतिवृत्ताची पत तिथेच जाते.

दुरुस्त्या आल्या की त्यांचे दोन ढीग करा. ‘आढावा गुरुवारी नाही, बुधवारी ठरला होता’ ही दुरुस्ती आहे, ती मीटिंगमध्ये काय झालं याबद्दल आहे. ‘आम्ही आत चर्चा केली, आता आढावा दर पंधरा दिवसांनी हवा’ हा नवा निर्णय आहे. तो मान्य असला तरी 6 तारखेच्या इतिवृत्तात घुसवू नका. मेलच्या उत्तरात त्याची वेगळी नोंद करा, आजच्या तारखेने. नाहीतर पुढे कोणी विचारलं की हे केव्हा ठरलं, तर इतिवृत्त खोटं उत्तर देईल. दुरुस्त प्रत पाठवताना फाइलच्या नावात ‘आवृत्ती 2’ लिहा आणि मेलमध्ये नेमकं काय बदललं ते एका-दोन ओळींत सांगा. गुपचूप बदललेली फाइल ज्याच्या लक्षात येते, तो त्यानंतरची तुमची प्रत्येक फाइल संशयाने उघडतो.

अवघड प्रसंग म्हणजे मॅडमचं उत्तर येईल, ‘सगळा डेटा आणायचं ठरलं होतं, तुमचे सर हो म्हणाले होते.’ इथे आठवणींची कुस्ती खेळू नका. तुम्ही जिंकलात तरी डेटाचा निर्णय झालेला नसेल. आवृत्ती 2 मध्ये लिहा: ‘या मुद्द्यावर दोन्ही बाजूंची आठवण वेगळी आहे. मुद्दा ठरलेला नाही असं धरून सोमवारी 12 जानेवारीला बोलायचं आहे.’ मग सरांना आणि मॅडमना पंधरा मिनिटं फोनवर एकत्र आणा, आणि जे ठरेल ते त्याच दिवशी चार ओळींत लिहून पाठवा.

आणि कोणीच काही कळवलं नाही तर? शुक्रवारी सकाळी मॅडमना फोन करा. पूर्ण इतिवृत्ताबद्दल विचारू नका, फक्त त्या दोन प्रश्नांबद्दल विचारा. मेल न वाचलेला माणूस फोनवर दोन प्रश्नांची उत्तरं देतो. ती मिळाली की लगेच त्याच मेलवर लिहा, ‘आत्ता फोनवर बोलल्याप्रमाणे...’ आणि खाली त्यांनी एक शब्द तरी लिहून पाठवावा अशी विनंती करा. ‘ठीक’ एवढं आलं तरी तुमचं काम झालं.

फोनही लागला नाही, तर सोमवारी सकाळी छोटा मेल जाऊ द्या: मुदतीत दुरुस्ती आली नाही, म्हणून ठरलेल्या गोष्टींच्या नोंदी अंतिम धरत आहोत, डेटा आणि मंजुरी हे दोन प्रश्न खुले आहेत, त्यामुळे मंगळवारी सुरू होणारं डेटाचं काम थांबवलं आहे आणि उत्तर मिळाल्यावर नवी तारीख कळवू. आणि मंगळवारी ते काम खरोखर सुरू करू नका. टीम मोकळी बसलीय म्हणून कोणी ‘निदान चालू ग्राहकांपासून सुरुवात करू’ म्हणालं, तर सरांना विचारून तेही लिहून कळवा, कारण तेवढा भाग करारात असेल तर तो करायला हरकत नसावी. त्याआधीच्या नोंदींना मात्र मॅडमचं उत्तर येईपर्यंत हात लावू नका.